६४ आणि ४१ मिळून ९० कसे होतात? एकापेक्षा जास्त विषय घेणारी पोरं मोजायची पद्धत

बारावी सायन्सची एक तुकडी घ्या, हजेरीपटावर ९० नावं. विषयांची यादी काढली तर गणित घेणारे ६४ निघाले आणि बायोलॉजी घेणारे ४१, बेरीज केली तर १०५, आणि वर्गात तर ९०च पोरं आहेत, मग ही १५ जास्तीची कुठून आली? आपल्याकडे ज्यांनी अकरावी-बारावी सायन्स केलंय त्यांना लगेच कळेल, ही पीसीएमबीवाली मंडळी, म्हणजे इंजिनिअरिंग की मेडिकल हे ठरलेलं नसतं म्हणून गणित पण ठेवतात आणि बायो पण ठेवतात. त्यांची नावं दोन्ही याद्यांमध्ये आहेत, म्हणून बेरजेत ती दोनदा आली. दोनदा आलेला माणूस एकदाच मोजायचा म्हणजे एकदा वजा करायचा, बस, इन्क्लुजन-एक्सक्लुजन म्हणतात ते एवढंच आहे. पुस्तकात ते नववीच्या संच या धड्यात येतं, नंतर स्पर्धा परीक्षांच्या बुद्धिमत्तेच्या पेपरात परत येतं, आणि तिथे लोक सूत्र पाठ असूनही चुकतात. का चुकतात ते खाली येईलच, आधी पाया बघू.

आधी हाताने मोजून बघा

सूत्र लिहायच्या आधी एक छोटी यादी स्वतः मोजून बघाच, दोन मिनिटं लागतात. १० पोरं आहेत, रोल नंबर १ ते १०. गणित घेतलेले रोल नंबर १, २, ३, ५, ७, ८ म्हणजे ६ जण. संस्कृत घेतलेले २, ४, ५, ८, ९ म्हणजे ५ जण. दोन्ही याद्यांमध्ये असलेले २, ५ आणि ८, म्हणजे ३. आता निदान एक तरी विषय घेतलेले किती? याद्या एकत्र करून, परत आलेले नंबर गाळून लिहा: १, २, ३, ४, ५, ७, ८, ९, म्हणजे ८. आणि ६ + ५ − ३ = ८, जुळलं. राहिले ६ आणि १०, त्यांनी दोन्हीपैकी काहीच घेतलेलं नाही.

शेवटचे दोघं लक्षात ठेवा, कारण तेच नेहमी विसरले जातात. वरच्या बारावीच्या उदाहरणात मी गुपचूप धरून चाललो होतो की प्रत्येकाने गणित किंवा बायो यातलं एक तरी घेतलंय. तसं असेल तर दोन्ही घेणारे ६४ + ४१ − ९० = १५. पण समजा ४ जणांनी गणितही सोडलं आणि बायोही सोडलं, दुसरेच काहीतरी विषय घेतले, तर एक तरी घेणारे ९० नाहीत, ८६ आहेत, आणि मग दोन्ही घेणारे ६४ + ४१ − ८६ = १९. उत्तर बदललं! म्हणून गणित सोडवायला घेतलं की पहिली गोष्ट ही शोधायची की एकूण संख्या कोणाची दिलीय, सगळ्या वर्गाची की फक्त विषय घेणाऱ्यांची. 'प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एक विषय घेतला आहे' असं वाक्य असेल तर दोन्ही एकच. नसेल तर 'एकही नाही' असा एक कोपरा आहे असं समजूनच चाला.

शब्द नीट वाचा, खरी मारामारी इथे आहे

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या पोरांच्या चुका बघितल्या तर बेरीज-वजाबाकीत फार कमी चुकतात, चुकतात ते वाचण्यात. 'गणित घेणारे ६४' यात फक्त गणित घेणारे पण आले आणि गणित-बायो दोन्ही घेणारे पण आले. 'फक्त गणित घेणारे' म्हणजे ६४ मधून दोन्हीवाले काढून उरलेले, वरच्या पहिल्या उदाहरणात ६४ − १५ = ४९. हे दोघांत कळतं सगळ्यांना. तीन विषय आले की गडबड सुरू होते, कारण 'गणित आणि फिजिक्स घेणारे ३२' असं म्हटलं की त्या ३२ मध्ये तिन्ही विषय घेणारे आत धरलेत की नाही?

तर नियम असा की 'फक्त' किंवा 'नेमके' हा शब्द नसेल तर आत धरलेत. ज्याने तिन्ही घेतलेत त्याने गणित आणि फिजिक्स पण घेतलेलंच आहे ना, मग तो त्या ३२ मध्ये आहेच. 'फक्त गणित आणि फिजिक्स', 'गणित आणि फिजिक्स घेणारे पण केमिस्ट्री न घेणारे', 'नेमके दोन विषय घेणारे' असं काही लिहिलं असेल तर मात्र तिन्हीवाले बाहेर. आणि 'किमान दोन' म्हणजे दोन किंवा तीन, 'जास्तीत जास्त दोन' म्हणजे शून्य, एक किंवा दोन, यात शून्यवाले पण येतात हे बहुतेकांच्या डोक्यातून निसटतं.

प्रश्न वाचताना मी पेन्सिलने 'फक्त', 'नेमके', 'किमान', 'किंवा', 'आणि' या शब्दांना गोल करायला लावतो. 'किंवा' बद्दल एक बारीक गोष्ट, घरात आपण 'चहा किंवा कॉफी' म्हणतो तेव्हा एकच मिळणार असतं, पण इथे 'गणित किंवा बायो घेणारे' म्हणजे दोन्ही घेणारे पण धरायचे.

आता खरं उदाहरण, तीन विषयांचं

अकरावीच्या १२० पोरांना विचारलं की मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री यातल्या कुठल्या विषयाचा क्लास लावलाय. आकडे मी बनवलेत पण असेच येतात:

मॅथ्स ६५, फिजिक्स ५८, केमिस्ट्री ४५. मॅथ्स आणि फिजिक्स ३२, फिजिक्स आणि केमिस्ट्री २०, मॅथ्स आणि केमिस्ट्री २४. तिन्ही विषयांचा क्लास लावणारे १२.

प्रश्न: एकही क्लास न लावणारे किती, फक्त एकच लावणारे किती, नेमके दोन लावणारे किती.

तीन वर्तुळं काढा, एकमेकांत अडकलेली, आणि बाहेरून एक चौकोन, तो १२० चा. ही वेन आकृती, जॉन व्हेन नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८८० मध्ये ही वापरात आणली म्हणून हे नाव. आकृतीत एकूण आठ जागा होतात: मधली एक जिथे तिन्ही वर्तुळं येतात, तिच्या भोवती तीन पाकळ्या जिथे दोन-दोन येतात, मग तीन बाहेरचे भाग जिथे एकच वर्तुळ आहे, आणि आठवी वर्तुळांच्या बाहेर पण चौकोनाच्या आत. प्रत्येक पोरगं या आठपैकी एकाच जागेत बसतं, दोन जागांत कधीच नाही. म्हणून आठही जागा भरल्या की कुठलाही प्रश्न विचारा, हव्या त्या जागांची बेरीज करायची की झालं.

भरायचं आतून बाहेर. बाहेरून भरायला गेलात की अडकणार, कारण बाहेरचे आकडे आतल्यांवर अवलंबून आहेत.

मधे १२ लिहा. आता मॅथ्स-फिजिक्सची पाकळी: ३२ दिलेत पण त्यातले १२ आधीच मधे बसलेत, म्हणून पाकळीत २०. फिजिक्स-केमिस्ट्री २० − १२ = ८. मॅथ्स-केमिस्ट्री २४ − १२ = १२. हा १२ आणि मधला १२ वेगळे बरं का, योगायोगाने सारखे आलेत, आकृतीत त्यांची गल्लत करू नका.

आता बाहेरचे भाग. मॅथ्सच्या पूर्ण वर्तुळात ६५ हवेत, त्यात आत्तापर्यंत २० + १२ + १२ = ४४ बसलेत, उरले २१, हे फक्त मॅथ्सवाले. फिजिक्समध्ये ५८ हवेत, बसलेत २० + ८ + १२ = ४०, उरले १८. केमिस्ट्रीत ४५ हवेत, बसलेत ८ + १२ + १२ = ३२, उरले १३.

वर्तुळांच्या आतली सगळी बेरीज: २१ + १८ + १३ + २० + ८ + १२ + १२ = १०४. म्हणजे एकही क्लास न लावणारे १२० − १०४ = १६. फक्त एक लावणारे २१ + १८ + १३ = ५२. नेमके दोन लावणारे २० + ८ + १२ = ४०. तिन्ही १२. आणि पडताळा असा की ५२ + ४० + १२ + १६ = १२० यायला हवेत, येतात.

अजून एक पडताळा मला जास्त आवडतो, कारण तो दुसऱ्या बाजूने येतो. तीन क्लासवाल्यांनी वेगवेगळी हजेरी घेतली तर एकूण नावं ६५ + ५८ + ४५ = १६८ होतील. आता एक क्लासवाल्याचं नाव एकदा, दोनवाल्याचं दोनदा, तीनवाल्याचं तीनदा, म्हणजे ५२ + ८० + ३६ = १६८. जुळलं म्हणजे गाडी रुळावर आहे.

सूत्र, आणि शेवटी अधिक का येतं

हेच एका ओळीत लिहिलं तर:

```
n(A ∪ B ∪ C) = n(A) + n(B) + n(C)
             − n(A ∩ B) − n(B ∩ C) − n(A ∩ C)
             + n(A ∩ B ∩ C)
```

आपले आकडे घातले तर १६८ − (३२ + २० + २४) + १२ = १६८ − ७६ + १२ = १०४. आकृतीतून आलं तेच.

सगळे पाठ करतात की शेवटी अधिक, पण का हे विचारलं की गप्प. एक-एक पोरगं धरून बघा. एकच क्लास लावणारं पोरगं पहिल्या बेरजेत एकदा आलं, पुढे कुठेच नाही, हिशोब १. दोन लावणारं पहिल्या बेरजेत दोनदा आलं, जोड्यांच्या वजाबाकीत एकदा गेलं, २ − १ = १. तिन्ही लावणारं पहिल्या बेरजेत तीनदा आलं, पण ते तिन्ही जोड्यांमध्ये पण आहे म्हणून तीनदा वजा झालं, ३ − ३ = ०, म्हणजे बिचारं मोजणीतून पूर्ण गायबच झालं! त्याला परत एकदा आत घ्यायचं म्हणून शेवटी अधिक. क्लास न लावणारं कुठल्याच यादीत नाही, त्याचा हिशोब ०, आणि ते आपल्याला हवंच आहे.

चार विषय असले तर? तीच युक्ती. चारही घेणारं पोरगं एकेरी याद्यांत ४ वेळा, जोड्यांत ६ वेळा, तीन-तीनच्या गटांत ४ वेळा, चौघांच्या गटात १ वेळा. ४ − ६ + ४ − १ = १. चिन्हं आळीपाळीने बदलत जातात. ज्यांना मेरूप्रस्तार माहितीय, दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदशास्त्रावरच्या टीकेत समजावलेला आकड्यांचा त्रिकोण, त्यांनी तो आठवावा, तिथली १, ४, ६, ४, १ ही ओळ म्हणजे हेच आकडे. चार विषयांना मात्र साधी गोल वर्तुळं काढायला जाऊ नका, चार वर्तुळांत सोळाच्या सोळा जागा येतच नाहीत, कशीही काढा, कुठली तरी जागा राहूनच जाते. लंबगोल काढले तर जमतं, पण परीक्षेत तेवढा वेळ कोणाला आहे, सरळ सूत्र वापरा.

दोन सूत्रं फिरतात, दोन्ही खरी, पण अदलाबदल केली की मेलात

क्लासच्या नोट्समध्ये अजून एक सूत्र दिसतं: एकूण = तिघांची बेरीज − नेमके दोनवाले − २ × तिन्हीवाले. पोरं गोंधळतात की एकीकडे तिन्हीवाले मिळवायचे आणि दुसरीकडे दुप्पट करून वजा करायचे, मग नक्की बरोबर कुठलं? दोन्ही बरोबर. आपल्या आकड्यांवर बघा, १६८ − ४० − २४ = १०४. फरक मधल्या आकड्यात आहे. पहिल्या सूत्रात जोड्यांचे आकडे तिन्हीवाल्यांसकट घ्यायचे (७६), दुसऱ्यात फक्त पाकळ्यांचे (४०).

आता अदलाबदल करून बघा. पहिल्या सूत्रात ४० घातले तर १६८ − ४० + १२ = १४०, वर्ग १२० चा आणि क्लास लावणारे १४०, हे लगेच पकडलं जातं. पण दुसऱ्या सूत्रात ७६ घातले तर १६८ − ७६ − २४ = ६८, आणि हे दिसायला अगदी सभ्य उत्तर आहे, १२० पेक्षा कमी, धन संख्या, पर्यायांमध्ये पण हमखास दिलेलं असतं! तेव्हा ६५ पोरं एकट्या मॅथ्सला आणि सगळे मिळून ६८ च, हे पटतंय का असं एकदा स्वतःला विचारा. ६८ खरं असेल तर मॅथ्स न लावणारी पण बाकीचं काही लावणारी पोरं फक्त ३ उरतात, पण फिजिक्सला ५८ आहेत आणि त्यातली मॅथ्सला ३२ च जातात, म्हणजे मॅथ्सशिवाय फिजिक्सवालेच २६ झाले. म्हणून ६८ शक्यच नाही. मी स्वतः दुसरं सूत्र शिकवतच नाही, आकृती आतून भरली की त्याची गरज पडत नाही.

वजा आकडा आला तर

आता वरच्याच गणितात समजा तुम्ही 'मॅथ्स आणि फिजिक्स ३२' चा अर्थ 'फक्त मॅथ्स आणि फिजिक्स' असा घेतला. मग पाकळ्यांत थेट ३२, २० आणि २४ लिहिणार, मधे १२. फक्त मॅथ्स = ६५ − ३२ − २४ − १२ = −३. उणे तीन पोरं! अशी पोरं कुठल्याच वर्गात नसतात, म्हणजे आपण चुकीचं वाचलं. पेपरात हे झालं तर घाबरून आकडेमोड परत परत तपासत बसू नका, आधी जोड्यांचा अर्थ बदलून बघा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं.

आणि तरीही वजाच येत असेल तर आकडेच चूक आहेत. छापील गणितात हे क्वचित होतं, पण स्वतः सर्व्हे केला असेल तर होतं, कोणी दोनदा फॉर्म भरला, कोणी हाताने मोजताना एक यादी अर्धी सोडली. सोपी चाचणी: तिन्हीवाले कुठल्याही जोडीपेक्षा जास्त असू शकत नाहीत, जोडी तिच्यातल्या कुठल्याही विषयापेक्षा जास्त असू शकत नाही, आणि आठपैकी एकही जागा शून्याखाली जाऊ शकत नाही.

मधला आकडाच दिला नाही तर

परीक्षेत मुद्दाम मधला आकडा लपवतात आणि त्याऐवजी 'एकही क्लास न लावणारे १६' असं देतात. मग मधे x लिहा आणि आतून बाहेर तसंच भरत जा. पाकळ्या ३२ − x, २० − x, २४ − x. फक्त मॅथ्स = ६५ − ३२ − २४ + x = ९ + x, इथे +x का येतो तर दोन जोड्या पूर्णच्या पूर्ण वजा केल्या म्हणून मधले दोनदा गेले, एकदा परत आणले. तसंच फक्त फिजिक्स ६ + x आणि फक्त केमिस्ट्री १ + x. सगळं मिळून ९२ + x येतं, ते १२० − १६ = १०४ शी जुळवलं की x = १२.

एकही न लावणारे पण दिले नसतील तर एकच उत्तर निघत नाही, पण मर्यादा मात्र काढता येते. x शून्यापेक्षा कमी नाही, आणि २० − x ही पाकळी वजा होऊ शकत नाही म्हणून x जास्तीत जास्त २०. एकही न लावणारे २८ − x, म्हणजे ते ८ ते २८ च्या मधे कुठेही. 'कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती' असे प्रश्न असेच सुटतात, वेगळं सूत्र लागत नाही.

पास-नापासवाली गणितं

स्पर्धा परीक्षांत याच गोष्टीला पास-नापासचा सदरा घालतात. ७२ टक्के इंग्रजीत पास, ६४ टक्के गणितात पास, १८ टक्के दोन्हीत नापास, आणि २७० जण दोन्हीत पास झाले, तर परीक्षेला बसलेले किती?

पहिलं काम, एका बाजूला यायचं. पास आणि नापास मिसळून ठेवलं की गुंता होतो, इथे सगळं पासच्या बाजूला आणू. दोन्हीत नापास १८ टक्के म्हणजे निदान एकात पास ८२ टक्के. मग दोन्हीत पास ७२ + ६४ − ८२ = ५४ टक्के. ५४ टक्के म्हणजे २७०, तर एक टक्का ५, एकूण ५००.

चूक कुठे होते माहितीय? 'दोन्हीत नापास १८ टक्के, म्हणून दोन्हीत पास ८२ टक्के' असं लिहितात. दोन्हीत नापास नाही याचा अर्थ दोन्हीत पास असा नाही होत, मधे एकात पास-एकात नापास अशी पोरं आहेत, आणि इथे ती २८ टक्के आहेत (१८ + १०). हो हो, दोन वेगळे आकडे आहेत ते: फक्त इंग्रजीत पास ७२ − ५४ = १८ टक्के, फक्त गणितात पास ६४ − ५४ = १० टक्के, मिळून २८. हा १८ परत दोन्हीत नापासच्या १८ पेक्षा वेगळा. ८२ टक्के धरले तर २७० भागिले ०.८२ करून अपूर्णांकात पोरं येतात, तेव्हाच थांबायचं. टक्क्यांच्या गणितात माणसांची संख्या पूर्णांकात आली नाही तर मागे जाऊन वाचा.

स्वतः सर्व्हे केलात तर शीटमध्ये कसं मोजायचं

गूगल फॉर्मवर चेकबॉक्सचा प्रश्न टाकला की एका पोराची सगळी उत्तरं शीटमध्ये एकाच सेलमध्ये येतात, मधे स्वल्पविराम, जसं `Maths, Physics`. समजा उत्तरं B कॉलममध्ये दुसऱ्या ओळीपासून आहेत, १२० पोरं:

```
=COUNTIF(B2:B121,"*Maths*")
=COUNTIFS(B2:B121,"*Maths*",B2:B121,"*Physics*")
=COUNTIF(B2:B121,"Maths")
```

पहिल्याने मॅथ्स लावणारे सगळे मिळतात, आपल्या उदाहरणात ६५. दुसऱ्याने मॅथ्स आणि फिजिक्स दोन्ही असलेले, तिन्हीवाल्यांसकट, ३२. तिसऱ्यात तारे नाहीत म्हणून ज्या सेलमध्ये फक्त मॅथ्सच आहे तेवढेच मोजले जातात, २१. दोन तारे लिहायचे राहिले की 'मॅथ्सवाले' चे 'फक्त मॅथ्सवाले' होतात आणि शीट काही एरर वगैरे दाखवत नाही, मुकाट्याने आकडा देते. म्हणून शीटचे आकडे घेऊन पण एकदा आकृती भरून बघाच, २१ ला ६५ समजून बसला असाल तर फक्त मॅथ्सच्या जागी भलामोठा वजा आकडा येईल.

ताऱ्यांचा एक त्रास असा की यादीत `Science` आणि `Computer Science` असे दोन पर्याय असतील तर `*Science*` दोघांनाही पकडतं. पर्यायांची नावं अशी ठेवा की एक नाव दुसऱ्याच्या पोटात बसणार नाही.

आणि एकही क्लास न लावणारे? त्यांचा सेल रिकामा राहतो, पण ज्याने कंटाळा करून प्रश्न सोडून दिला त्याचाही सेल रिकामाच, दोघं वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून `None` असा पर्याय द्या आणि प्रश्न सक्तीचा करा. तरी कोणीतरी महाभाग `None` पण टिक करतो आणि `Maths` पण, चेकबॉक्स त्याला अडवत नाही. त्यासाठी मोजायला बसायच्या आधी हे एकदा चालवा, `*Maths*` च्या जागी बाकीचे विषय घालून पण:

```
=COUNTIFS(B2:B121,"*None*",B2:B121,"*Maths*")
```

शून्य आलं तर पुढे जा. नाही आलं तर त्या पोराला शोधून विचारा की बाबा, नक्की काय ते सांग.